जाताना आणि गेल्यावर

रोहिणीने जर्मनीला जायचं ठरवलं ते जग बघायला नाही. तिला पुण्यातला एक फ्लॅट विकत घ्यायचा होता, आणि तोही एकाच माणसाचा.

तो माणूस म्हणजे मोहनराव. वारज्याच्या एका जुन्या सोसायटीत त्यांचे दोन फ्लॅट समोरासमोर; एकात स्वतः राहायचे, दुसरा भाड्याने द्यायचे. पाच वर्षांपूर्वी रोहिणी आणि तिची आई गयाबाई तो बघायला गेल्या होत्या. गयाबाई म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यात तीस वर्षं आयाचं काम केलेली बाई. घर पसंत पडलं, टोकन दिलं. मग करारासाठी आधार कार्डं दिली, आणि मोहनरावांनी आडनाव वाचलं. दुसऱ्या दिवशी टोकनचं पाकीट त्यांनी दारातूनच परत केलं. “आमच्या मिसेसना सोवळंओवळं फार. तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल,” असं म्हणाले, आणि वर हसले.

गयाबाई काही बोलली नाही. रोहिणीही त्या दिवशी गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्याचा राग तिला मोहनरावांच्या रागाइतकाच आला. कोर्टकचेरी करावी तर दोन खोल्यांसाठी कोण साक्ष देणार? तिने वेगळं ठरवलं. हाच फ्लॅट घ्यायचा, बँकेचं एक पैसाही कर्ज न घेता, आणि आईला त्यात राणीसारखं राहायला ठेवायचं.

फ्रँकफुर्टजवळच्या बाड हॉम्बुर्गमधल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तीन वर्षांचा करार मिळाला तेव्हा तिने मोबाईलमध्ये आकडे मांडले. त्या भागातल्या भावाने फ्लॅट छप्पन लाखांचा, नोंदणीचा खर्च धरून साठ. युरो शंभर रुपयांच्या आसपास, म्हणजे साठ हजार युरो. हातात येणाऱ्या पगारातून महिन्याला साडेबाराशे बाजूला टाकले की छत्तीस महिन्यांत पंचेचाळीस हजार. उरलेल्या पंधरा हजारांच्या ओळीपुढे लिहिलं होतं: पेन्शन, जाताना.

ही ओळ तिला कपिलने दिली होती. कपिल म्हणजे तिच्या तीन वर्षं आधी तिथे आलेला, फ्रँकफुर्टमध्ये सॉफ्टवेअर करणारा पुणेकर. “अगं, पगारातून पेन्शनचे कापतात ना, ते जाताना परत मिळतात. आपल्यातले सगळे घेतात,” असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या दहाजणांनी अंगठे दाखवले. दहाजणांपैकी एकही परत गेलेला नव्हता, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग रोहिणीने काटकसर अशी केली की मुंगीने शरमावं. एका खोलीत राहिली, तिन्ही हिवाळे एकाच कोटावर काढले. कॅन्टीनमध्ये सगळे जेवत असताना ही डबा उघडायची आणि मनात मोहनरावांचं हसू आठवायची. ते हसू आठवलं की तिला भूक कमी लागायची. परतीचीही तयारी तिने केली. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेचं पत्र हातात होतं, ऑक्टोबरपासून रुजू व्हायचं. करार ऑगस्टअखेर संपत होता.

जूनमध्ये दलालाचा फोन आला. मोहनराव भाड्याचा फ्लॅट विकत होते, तिने धरलेल्या छप्पन लाखांतच. मुलाने धंद्यात हात पोळून घेतले होते आणि पैसे दिवाळीपूर्वी हवे होते.

“ते मला विकतील का?” रोहिणीने विचारलं.

“ताई, गरज पडली की आडनाव कोण विचारतो?” दलाल म्हणाला.

देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात. रोहिणी देव मानत नव्हती, पण छप्पर फाटल्यासारखं तिला खरंच वाटलं. पेन्शनचा अर्ज कधी करायचा हे विचारायला ती सुट्टी काढून फ्रँकफुर्टला पेन्शन विमा कचेरीच्या सल्ला केंद्रात गेली. समोरच्या बाईंनी तिची कागदपत्रं शांतपणे वाचली.

“हे बघा, तुमचा हिस्सा परत मिळू शकतो,” त्या म्हणाल्या. “फक्त तुमचा, कंपनीचा नाही. पण युरोपियन युनियन सोडून चोवीस महिने झाल्यावर. तोवर इथला विमा पुन्हा सुरू व्हायला नको.”

“म्हणजे जाताना नाही?”

“नाही. गेल्यावर.”

तीन वर्षं रोहिणी एका शब्दावर उभी होती आणि तो शब्दच चुकीचा निघाला.

“आणि मी इथे अजून दोन वर्षं थांबले तर?” तिने विचारलं. कंपनीने करार वाढवायची तयारी दाखवली होती.

“मग साठ महिने पूर्ण होतील. साठ झाले की परतावा नाही, म्हातारपणी पेन्शन मिळेल. बरोबर साठ. एकोणसाठ असते तर गोष्ट वेगळी.”

बाहेर येऊन तिने कपिलला फोन लावला आणि त्याची सगळी लाज काढली. “अगं, मीही ऐकलंच होतं गं,” एवढंच तो बिचारा म्हणाला. वड्याचं तेल वांग्यावर काढून तिला जरा बरं वाटलं, पण पंधरा हजार त्याने भरून येत नव्हते.

रविवारी दुपारी तिने आईला फोन केला. जय भीम झालं आणि रोहिणीला रडू फुटलं. “आई, पैसे कमी पडतात. थांबावं तर फ्लॅट जातो आणि पेन्शनचेही जातात. त्या माणसाला हात चोळत बसवायचं होतं गं मला.”

“किती कमी?”

“पंधरा लाख.”

“मग कर्ज काढ. नोकरीचं पत्र आहे ना तुझ्याकडे?”

“कर्ज नाही काढायचं, असं ठरवलंय मी.”

“तू ठरवलंस. तो मोहनराव काय तुझी पासबुकं बघणार आहे?” गयाबाई म्हणाली. “पंधरा लाखांचा हप्ता किती बसेल?”

रोहिणीने डोळे पुसत हिशेब केला. “पंधरा वर्षांचा घेतला तर चौदा-पंधरा हजार.”

“तिथे भाडं सोळा हजार येतं. दोन वर्षांनी तुझे जर्मनीचे आले की कर्ज मिटव.”

“भाडं? आई, ते घर तुझ्यासाठी आहे. तू राहायचंस तिथे!”

“मी?” गयाबाई इतक्या मोठ्याने हसली की फोन खरखरला. “मला कधी विचारलंस का? इथे माझा विहार आहे, माझ्या बायका आहेत. तिथे माझ्याशी बोलणार कोण, ते सोवळं?”

तीन वर्षं रोहिणीने एकेक युरो मोजला होता, पण आईला हे विचारायचं राहूनच गेलं होतं. पाच वर्षं तिने त्या घराच्या स्वप्नात फक्त मोहनरावांचा पडलेला चेहरा बघितला होता, आईचा नाही.

“आमच्या दवाखान्यात दोन नर्स आहेत,” गयाबाई पुढे म्हणाली. “एक आपली, एक मुसलमान. चार महिने झाले घर शोधतायत, सगळीकडे नाव विचारतात आणि दार लावतात. त्यांना देऊ. त्या गेल्या की असेच दुसरे. चांगली माणसं बघून देईन, भाडं वेळेवर आणतील अशी.”

“आई, पण समोरच राहतो तो. दार उघडलं की समोर.”

“तेच तर,” गयाबाई म्हणाली. “मी तिथे राहून रोज त्याचं तोंड का बघू? त्यालाच बघू दे.”

रोहिणी रडतच होती, पण आता ती हसतही होती. सोमवारी सकाळी तिने साहेबांना मेल पाठवली: करार वाढवायचा नाही, ऑगस्टनंतर मी जाते आहे. मग दलालाला फोन करून भाव दीड लाखाने पाडायला सांगितलं. घाई त्यांना होती, तिला नव्हती.