हिरवी खूण

आमच्या दुकानाच्या जावईबापूंना हिरवा रंग फार आवडतो. लॅपटॉपवर नोंदीपुढे हिरवी खूण आली की त्यांच्या दृष्टीने जगाचा हिशेब मिटला. दिंडोरी नाक्याजवळचं आमचं ठिबकचं दुकान, पाईप, फिल्टर, फिटिंग असला सगळा पसारा. मी तिथे वीस-बावीस वर्षं हिशेब लिहितेय. शेठ स्वभावाने बरे, पण मुलीचं लग्न झालं आणि जावयाला काहीतरी काम द्यायचं म्हणून माझ्या डोक्यावर आणून बसवला. एवढ्या शिकलेल्या माणसाला भाजीवाल्याचे सुट्टे पैसे मोजता येऊ नयेत, हे मी त्याच्यात पहिल्यांदा पाहिलं.

पूर्वी महिना संपला की मी बँकेचं स्टेटमेंट आणि आपलं कॅशबुक शेजारी ठेवून ओळीवर ओळ टिक करायची. दोन्हींतली शिल्लक एकसारखी कधीच नसते, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आपण चेक दिला, समोरच्याने अजून भरलाच नाही. बँकेने टेम्पोचा हप्ता आणि आपले चार्जेस कापून घेतले, आपण ते अजून लिहिले नाहीत. असं एकेक बाजूला काढत गेलं की फरक उलगडतो. शेवटी उलगडला नाही तर समजायचं, कुणाची तरी चूक आहे, आणि ती शोधायची. जावईबापूंनी नवीन सॉफ्टवेअर आणलं आणि मला म्हणाले, "मॅडम, हे आता आपोआप जुळतं. तुम्ही उगाच डोळे फोडू नका." मी म्हटलं, फोडत नाही.

डिसेंबरात माझ्या मुलीच्या बाळंतपणासाठी मी नांदगावला गेले. पंधरा-वीस दिवसांनी परत आले तर गल्ल्याची खुर्ची रिकामी. तिथे देवळाली कॅम्पहून रोज बसने येणारी आमची कॅशियर बसायची. रोख घ्यायची, मोजायची, दुसऱ्या दिवशी बँकेत भरून स्लिप माझ्या टेबलावर ठेवायची. नोट उलटी लागलेली तिला खपायची नाही. विचारलं तर जावईबापू खुर्चीत मागे रेलून सांगू लागले. दिवाळी पाडव्याच्या तारखेला पुस्तकात अडतीस हजार सहाशे रुपये रोख बँकेत भरल्याची नोंद होती, बँकेत ते पैसे आलेच नव्हते. रोख तिच्याच ताब्यात. त्यांनी तिला आठ दिवसांची मुदत दिली. सहाव्या दिवशी पैसे खात्यात आले, आणि सातव्या दिवसापासून बाई आली नाही.

"म्हणजे घेतलेच होते ना तिने," ते म्हणाले. "आता बघा, फरक शून्य." आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. हिरवी खूण.

माझं डोकंच सणकलं. पाडव्याला बँक बंद असते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या दिवशी काउंटरवर रोख कोण भरणार? आणि आमच्याकडे मशीनमध्ये पैसे भरायची पद्धतच नाही, शेठचा त्या मशीनवर काडीचा भरवसा नाही. पण हे सांगून उपयोग नव्हता. मी सगळं छापून घेतलं, पट्टी घेतली आणि जुन्या पद्धतीने बसले. जावईबापूंनी चहा मागवला, एकट्यासाठी.

हप्ता काढला, चार्जेस काढले, न वटलेला एक चेक काढला. त्यानंतर खरंच फरक शून्य होता. पण शून्य म्हणजे बरोबर असं कुणी सांगितलं? पुस्तकातली रोख नोंद पाडव्याची, आणि बँकेतला भरणा डिसेंबरातला. वर बँकेच्या ओळीत शाखा लिहिली होती, देवळाली कॅम्प. आमचं खातं पंचवटीत, भरणा पंचवटीत. कॅम्पात आम्ही कधी एक रुपया भरला नाही. सॉफ्टवेअरने रकमेला रक्कम जोडली आणि मोकळं झालं. तारीख वाचायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ज्याला वाचता येत होती त्याने वाचली नाही.

मग त्या पाडव्याच्या नोंदीखालचं गिऱ्हाइकाचं खातं पाहिलं. दिंडोरीकडचा एक द्राक्षवाला. फोन लावला. तो म्हणाला, "अहो ताई, म्या तर चेक दिला व्हता पाडव्याला. अजून खात्यातनं गेला नाय. म्हटलं, इचारावं का नाय."

चेक! आमच्याकडे पाडव्याला वहीपूजन होतं, आता वहीच्या जागी लॅपटॉप. मुहूर्ताला जो पहिला चेक येतो त्याला हळदकुंकू लावून लक्ष्मीपुढे ठेवायचा आणि बँक उघडली की भरायचा, ही शेठची जुनी रीत. यंदा पूजेचा मान जावयाचा. मी देव्हाऱ्यापाशी गेले, लक्ष्मीची तसबीर पुढे ओढली. मागे चेक होता. वरपासून खालच्या नंबरांच्या पट्टीपर्यंत कुंकवाचं भलंमोठं स्वस्तिक. ज्याने काढलं त्यानेच एंट्री करताना 'चेक' निवडायचं सोडून 'रोख' निवडलं होतं, तेच यादीत पहिलं येतं म्हणून.

मी चेक त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. तो उलटापालटा करून बघत ते म्हणाले, "हा आता बँक घेणार नाही का?"

माणसाला लाज किती कमी असावी! एका बाईवर चोरीचा आळ घेतला आणि याला काळजी चेकची. मी म्हटलं, "नाही घेणार, नंबर झाकलेत. दुसरा मागवावा लागेल." मग विचारलं, तिचे कॅम्पातून आलेले पैसे कुठे दाखवणार? "इतर उत्पन्नात टाकून द्या," ते म्हणाले. मी शेठना बोलावलं.

शेठनी सगळं ऐकलं, मान खाली घातली आणि जावयाकडे बघितलं नाही. मी पाडव्याची खोटी रोख नोंद उलटवली. दुसरा चेक येईपर्यंत द्राक्षवाल्याचं येणं पुन्हा उभं केलं. कॅम्पातला भरणा बँकेत जमा घेऊन तिचं देणं म्हणून लिहिला. तिला फोनवर विचारलं तेव्हा कळलं, पतसंस्थेत पाटल्या गहाण टाकून तिने पैसे उभे केले होते. मी तेवढ्या रकमेचा आणि वर व्याजाचा चेक लिहिला. जावईबापूंनी विचारलं, "हे व्याज कुठल्या खात्याला?"

"तुमच्या नावे," मी म्हटलं. शेठनी सही केली.

दुसऱ्या दिवशी ती आली. दारातच उभी राहिली, आत बसली नाही. शेठ म्हणाले, झालं गेलं विसरा, उद्यापासून या. मी चेक दिला, कशी चूक झाली ते ओळ दाखवून समजावलं.

"तुम्ही पैसे घेतले नव्हते, मग भरले का?" मी विचारलं.

"ताई, तुम्ही नव्हता. दुसरं कोण बघणार होतं?" तिने चेकची घडी घालून पर्समध्ये ठेवली. "पैसे परत आले, तुमचे उपकार. पण मुदत दिली त्या दिवशी ह्या जावईबापूंनी हीच पर्स काउंटरवर सगळ्या गिऱ्हाइकांपुढे उलटी करायला लावली. माझ्या गोळ्या, बसचा पास, पोळीभाजीचा डबा, सगळं खाली पडलं. ते कुठे लिहिणार?"

जावईबापू लॅपटॉपमध्ये बघत होते. ती बस पकडायला गेली, आणि परत आली नाही.