माहितीबाहेरचे चार मार्क

माझे अब्बा बल्लारपूरला शिवणकाम करायचे. गिऱ्हाईक स्वतः आलं नाही आणि घरच्यांनी नुसता जुना सदरा पाठवला, तर ते माप घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "बंदा सामने खडा होना. पुराना सदरा झूठ बोलता." मला तेव्हा हा निव्वळ हट्ट वाटायचा. पुढे मी पर्यावरणशास्त्र शिकलो, नदीचं माप घ्यायला गेलो, आणि जुन्या सदऱ्यावर कापड कापून आलो.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. पोंभुर्ण्याच्या पलीकडे, वैनगंगेला मिळणाऱ्या एका नदीवर धरण प्रस्तावित होतं. एका सल्लागार कंपनीने पर्यावरण अहवालाचं काम घेतलं होतं आणि गावांची, नदीची पाहणी मला दिली होती. नियमाप्रमाणे एका ऋतूची माहिती चालायची, फक्त पावसाळा सोडून. कंपनीने मे महिना निवडला, कारण जीप गावापर्यंत जाते. चूक इथूनच सुरू झाली, पण पुढची सगळी माझी स्वतःची.

नदीकाठच्या एका गावात गेलो तर निम्म्या घरांना कुलपं. लोक तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेले. गावाखाली नदीचा मोठा डोह होता, पाणी हिरवं आणि गच्च, काठावर चिटपाखरू नाही. माझ्या फॉर्मवर रकाना होता: मासेमारी. मी डोहाकडे पाहिलं, एकही जाळं दिसलं नाही, एकही डोंगा दिसला नाही, आणि लिहिलं, नगण्य. परत वर येताना एका घराच्या पडवीत आढ्याला जाळी टांगलेली दिसली. एक नाही, चार-पाच, नीट गुंडाळून. त्या घरातल्या बाईने मला तांब्याभर पाणी दिलं. मी पाणी प्यायलो आणि काही विचारलं नाही. अंगाची लाही होत होती आणि संध्याकाळपर्यंत अजून दोन गावं उरकायची होती. जाळी दिसल्याचं मी वहीत मात्र लिहिलं, म्हणजे मला ते कळलं होतं. फॉर्मवर ते गेलं नाही.

काही वर्षांनी मी चंद्रपुरातल्या एका कॉलेजात एम.एस्सी.ला शिकवायला लागलो. परीक्षेत एक मोठा प्रश्न हमखास यायचा: प्रस्तावित महामार्ग किंवा धरण दिलेलं, त्याचं मूल्यमापन करा. पोरं त्यावर निबंध लिहायची. विकास हवा की निसर्ग हवा, दोन पानं, शेवटी सुवर्णमध्य. मी चिडायचो. मी त्यांच्याकडून सांगाडा घोटून घेतला. आधी प्रकल्प काय आणि त्याची गरज काय, चार ओळींत. मग छाननी, म्हणजे याला पर्यावरण मंजुरी लागते का. मग व्याप्ती, म्हणजे कोणते प्रश्न तपासायचे आणि किती दूरपर्यंत. मग आधारभूत स्थिती: प्रकल्प येण्याआधी तिथे काय आहे. त्यावर परिणामांचा अंदाज, बांधकामातले वेगळे आणि नंतरचे वेगळे. किती मोठे, किती काळ, परत भरून येणारे की नाही. महामार्ग असेल तर जनावरांची वाट तुटते, धरण असेल तर बुडणारं जंगल आणि खालच्या अंगाला आटणारी नदी, हे विसरायचं नाही. मग पर्याय, त्यात 'प्रकल्पच नको' हाही धरायचा. मग उपाय आणि व्यवस्थापन आराखडा, जनसुनावणी, तज्ज्ञ समितीचा निर्णय, आणि शेवटी मंजुरीनंतरची देखरेख. उत्तराच्या तळाशी स्वतःचं मत द्यायचं, अटींसकट. "गुळमुळीत लिहिलं तर मी शून्य देईन," असं मी दर वर्षी सांगायचो.

आधारभूत स्थिती शिकवताना मी अब्बांचा सदरा सांगायचो. पोरं हसायची. मीही हसायचो, याची मला आज लाज वाटते.

एका चाचणीसाठी मला धरणाचं उदाहरण हवं होतं. नवीन कोण तयार करत बसणार? मी माझाच जुना अहवाल काढला, नावं खोडली, आकडे ठेवले आणि प्रश्नाला जोडला. मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. ढिवराची, म्हणजे मासेमारीवर जगणाऱ्या घरातली, पोंभुर्ण्याकडच्या गावातून आलेली, वर्गात क्वचितच बोलणारी. तिचा पेपर उत्तम होता. सांगाडा चोख, छोटा तक्ताही काढलेला. पण आधारभूत स्थितीत तिने लिहिलं होतं की ही पाहणी उन्हाळ्याची असल्याने मासेमारी नगण्य दिसते. अशा नदीवर होळीनंतर पूर येईपर्यंत डोहात जाळं टाकत नाहीत, कारण उरलेले मासे तिथेच तगतात आणि पुरासोबत नाल्यांनी बांध घातलेल्या धानशेतांत, म्हणजे बांध्यांत, चढतात. डोह बुडाला की हे चक्र संपेल, आणि त्यावर जगणारी घरंही.

मी लाल पेनाने त्या परिच्छेदाखाली रेघ ओढली आणि लिहिलं, 'दिलेल्या माहितीबाहेरचे.' चार मार्क कापले. पंधरापैकी अकरा. लिहिताना मनात काहीतरी हललं होतं, नाही असं नाही. मी ते दाबलं आणि पुढचा पेपर ओढला.

महिनाभराने ती स्टाफरूममध्ये आली. हातात वर्तमानपत्र होतं, त्यात जनसुनावणीची सूचना. तेच धरण, तोच अहवाल, वर्षानुवर्षे धूळ खाऊन पुन्हा उभा केलेला. कलेक्टर कचेरीत ठेवलेला सारांशही तिने उतरवून आणला होता.

"सर, चाचणीत जो प्रश्न होता ना, तो आमच्याच गावाचा हाये," ती म्हणाली. "मले तवाच समजलं होतं. मासेमारी नगण्य, अस्सं लिवलं हाये. लेखी हरकत द्याची हाये मले. तुमी शिकवलं त्याच सांगाड्यानं लिवली. पाहून देता का?"

मी पाहिली. एकाच जागी मुद्दा खाली घेतला, बाकी हात लावण्यासारखं काही नव्हतं. तिने तिन्ही ऋतूंची पाहणी मागितली होती, जाळ्यांची घरं मोजली होती, आणि पर्याय म्हणून वरच्या बाजूचे जुने तलाव दुरुस्त करायला सुचवलं होतं.

"कोणं लिवलं असन सर हे?" तिने सहज विचारलं. "आला होता तरी का गावात?"

मी म्हणालो, "असतात असे लोक."

आजवर मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण इतकं स्वस्त खोटं दुसरं आठवत नाही. मी तिला सांगितलं नाही, कारण उद्या वर्गात उभं राहायचं होतं.

सुनावणी तहसीलच्या आवारात मंडपात झाली. मी गेलो, मागच्या खुर्चीवर बसलो. पिशवीत ती जुनी वही होती. का घेतली होती ते मला ठाऊक होतं. तिची पाळी आली तेव्हा ती न अडखळता बोलली, कागदाकडे न बघता. समितीतले एक साहेब म्हणाले, "बाई, अहवालात तर मासेमारीची नोंद नाही. पुरावा काय?" कंपनीच्या माणसाने सांगितलं की पाहणी शास्त्रीय पद्धतीने, प्रत्यक्ष जागेवर जाऊन झालेली आहे.

"जो आला होता त्याले विचारा," ती म्हणाली. "उन्हाळ्यात सप्पा घरी जाळे आढ्याले टांगले रायते. त्याले दिसले असतीलच."

वही उघडून उभं राहायला मला दहा सेकंद पुरली असती. साहेब लिहून घेत होते, सगळं इतिवृत्तात येणार होतं. मी विचार करत होतो की प्राचार्यांना काय वाटेल, कंपनी काय म्हणेल, पोरं काय म्हणतील. तेवढ्यात पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. ती खाली बसली. संध्याकाळी सुनावणी संपली, साहेबांनी इतिवृत्त वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं: मासेमारीबाबत एका महिलेने तोंडी व लेखी हरकत घेतली, पुरावा सादर केला नाही.

मग बाहेर, जीपगाड्या निघून गेल्यावर, मी तिला वही दाखवली. आता धाडस कशाचं, ऐकणारं कोणी नव्हतं. तिने माझ्या अक्षरातली ओळ वाचली: 'एका घरी आढ्याला जाळी, चार-पाच.' दोनदा वाचली.

"आमचंच घर हाये हे," ती म्हणाली. "मायनं पाणी देल्लं होतं. मी आत होती, तापानं निजलेली. जीप आली होती म्हणून सांगत होती माय." मग म्हणाली, "मंडपात काऊन नाई बोलले सर?"

मी म्हणालो, उद्याच पत्र पाठवतो, वहीच्या पानाची प्रत लावून.

"पत्र तर मी बी देल्लं होतं," ती म्हणाली.

मी पत्र रजिस्टरने पाठवलं. उत्तर आलं की हरकतींची मुदत संपलेली आहे आणि इतिवृत्त पुढे गेलेलं आहे. त्यात कोणाचीच चूक नव्हती. मुदत खरंच संपली होती. पुढे प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली. अटींमध्ये एक अट होती की धरण झाल्यावर मासळीचा अभ्यास करावा. धरण झाल्यावर.

मग वनजमिनीची वेगळी मंजुरी अडकली, फायली फिरत राहिल्या, आणि धरण काही झालं नाही. डोह अजून आहे. हे ऐकून लोक मला म्हणतात, चला, सुटलात. मला ते बोलणं आवडत नाही. डोह वाचला त्यात माझा हात नव्हता, बुडाला असता तर त्यात नक्की असता.

ती पहिल्या वर्गात पास झाली, पण त्या सुनावणीनंतर माझ्या तासाला बसली नाही. श्रावणात मी एकदा त्या गावाला गेलो. बांध्यांतून पाणी खळाळत होतं, पोरं-बाया बांधाच्या तोंडाशी मासे पकडायला वेताचे सापळे लावून बसल्या होत्या. पडवीतलं आढं रिकामं होतं, जाळी सगळी नदीवर. तिच्या आईने ओळखलं नाही, तरी पाणी दिलं.

मी पिशवीतून तिचा तो चाचणीचा पेपर काढला. अकरा खोडून पंधरा केले होते, 'दिलेल्या माहितीबाहेरचे' वर काट मारली होती, खाली सहीही केली होती. ती बांधावरून हात पुसत आली, पेपर घेतला, पाहिला.

"अकराच राहू द्या सर," ती म्हणाली. "तवा तुमाले तेवढंच दिसलं होतं."

आणि पेपर माझ्या हातात परत ठेवून ती पुन्हा बांधीत उतरली.