दारावरचा आकडा

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस म्हणून लागले, तेव्हा माझं शिक्षण सातवी. आमचे हे त्याच कॉलेजात शिपाई होते. ते गेल्यावर प्राचार्यांनी मला घेतलं, तेही हंगामी. दर वर्षी नवी ऑर्डर निघायची. इंग्रजी अक्षरं मी बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवरून शिकले. आधी एच, मग सी, मग एल. मुलं वर्ष संपल्यावर जुनी जर्नलं टाकून जायची, ती मी घरी नेऊन वाचायची. कळायचं थोडं, पण वाचायची. हे सांगते एवढ्यासाठी, की पुढे जे झालं ते मला काहीच कळत नव्हतं म्हणून झालं, असं कोणी म्हणू नये. थोडं कळत होतं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला एक साखरेचा प्रयोग होता. साखरेचं पाणी आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सारख्या मापाने घेऊन मिसळायचं, आणि मिश्रण एका काचेच्या नळीत भरून ती पोलरीमीटरमध्ये ठेवायची. नळीत बुडबुडा राहता कामा नये. काळा पडदा लावलेल्या खोपट्यात सोडियमचा दिवा आधी पिवळा धमक होऊ द्यायचा, मग भिंगातून बघायचं. गोल दिसतो, त्याचे दोन अर्धे सारखे उजळ झाले की चकतीवरचा आकडा टिपायचा. साखर उजेडाला उजवीकडे वळवते. आम्लाने तिची फोड होऊन जे दोन नवे पदार्थ होतात ते दोन्ही मिळून थोडं डावीकडे वळवतात. म्हणून आकडा तेराच्या आसपास सुरू होऊन खाली खाली जातो, शून्य ओलांडतो आणि उणे चारावर जाऊन थांबतो. तो थांबलेला आकडा म्हणजे इन्फिनिटी रीडिंग. त्यासाठी उरलेलं मिश्रण दुसऱ्या दिवसापर्यंत झाकून ठेवावं लागतं, नाहीतर कोमट पाण्यात तासभर ठेवून, गार करून बघावं लागतं. घाईत जास्त तापवलं तर तपकिरी होतं आणि मग काही दिसत नाही.

एवढं थांबायला कोणाला वेळ आहे. त्यामुळे आमच्याकडे एक पद्धत पडली होती. माझ्या आधीच्या मदतनिसाने काचसामानाच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, उणे चार पॉइंट एक. मुलं येत, दार उघडून आकडा बघत, जर्नलात लिहीत. बहुतेकांची बाकीची रीडिंगंही मागच्या वर्षीच्या जर्नलातूनच उतरलेली असत. सरांना ऐंशी जर्नलं तपासायची असत. ते बघत दोनच गोष्टी: शेवटच्या रकान्यात के, म्हणजे प्रक्रियेच्या वेगाचा आकडा, सगळीकडे सारखा आलाय ना, आणि आलेखावरचे ठिपके सरळ रेषेत आहेत ना.

त्या वर्षी एक मुलगी होती. इगतपुरीहून सकाळच्या गाडीने यायची. वडील रेल्वेत. साधी, वेणी घट्ट, बोलणं मोकळं. ती एकटीच होती की जी सगळे प्रयोग स्वतः करायची. मी बेसिनपाशी काचसामान धूत असले की मला शिकवायची पण. एकदा मी विचारलं, की साखर आणि पाणी दोघं मिळून ही प्रक्रिया करतात, तर वेग एकट्या साखरेवर कसा धरता. ती म्हणाली, "मावशी, लग्नाच्या पंगतीला हजार माणूस बसलंय, त्यातलं एक उठून गेलं तर कळतं का? पाणी तसं. आम्ल तर जेवतच नाही, नुसतं वाढतं. म्हणून हिशोब साखरेचाच." त्याला स्यूडो फर्स्ट ऑर्डर म्हणतात, हे मी तिच्याकडून शिकले.

त्या वर्षी तिच्या घरी ठरलं होतं, की एवढं वर्ष पास झाली तर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत अर्ज करायचा. तिथे जागा निघणार होती आणि पदवी लागत होती. नाही झाली, तर कल्याणकडचं एक स्थळ आलेलं होतं त्यांना होकार. वडील वाईट नव्हते, पण दुसरं वर्ष थांबायची त्यांची तयारी नव्हती. तिने हे मला हसत हसत सांगितलं होतं. कारखान्यात दिवसभर हेच करायचं असतं मावशी, म्हणाली, रसाची नळी भरायची आणि भिंगातून बघायचं.

आता माझं. जानेवारीत पोलरीमीटरची लांब नळी माझ्या हातून सिमेंटच्या बेसिनमध्ये पडली आणि फुटली. दुपारची वेळ, कोणी नव्हतं. माझी कायम होण्याची फाइल तेव्हा ऑफिसात गेलेली. कपाटात मागे एक आखूड नळी होती, तशीच पितळी टोपणांची. तिच्यात कमी मिश्रण लागेल एवढंच माझ्या मनात आलं. काचा कागदात गुंडाळून टाकल्या आणि आखूड नळी पोलरीमीटरच्या पेटीत ठेवली. कोणाला सांगितलं नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण खरोखर बघणारं कोण होतं?

फेब्रुवारीत तिने तो प्रयोग केला. दीड तास पडद्याआड बसली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम लवकर येऊन झाकून ठेवलेल्या मिश्रणाचं इन्फिनिटी रीडिंग घेतलं. बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालून. तिचा आकडा साडेसहापासून सुरू झाला होता आणि थांबला उणे दोन पॉइंट एकवर. सगळ्यांच्या जर्नलात तेरापासून उणे चार.

"मावशी, ही नळी वीस सेंटिमीटरचीच आहे ना? नेहमीची?"

मी बाटल्या पुसत होते. म्हटलं, "नेहमीचीच गं. दुसरी कुठून येणार?"

तिने पट्टी लावून बघितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण मावशी खोटं बोलेल असं तिला का वाटावं?

मग मी वर आणखी शहाणपणा केला. म्हटलं, सुरुवातीचे तुझे आकडे तुझेच ठेव, पण शेवटचा दारावरचा लिही, तुझी साखर पुरती फुटली नसेल. मी कपाट उघडून तिला दाखवलंसुद्धा. ती बघत राहिली. चोवीस तासांत पुरती फुटते मावशी, असं हळू म्हणाली, पण शेवटी लिहिलं तिने. उणे चार पॉइंट एक.

के काही सारखा येईना. दहा मिनिटांना पॉइंट शून्य सोळा, अर्ध्या तासाला पंधरा, तासाला चौदा, दीड तासाला साडेबारा. आलेखावर ठिपके सरळ उतरायचे ते आडवे वळायला लागले. सरांनी जर्नलवर लाल रेघ मारली आणि पुन्हा कर म्हणाले. तिने पुन्हा केला. त्याच नळीत. पुन्हा दुसऱ्या दिवशी इन्फिनिटी घेतलं, पुन्हा उणे दोन पॉइंट एक. मला येऊन सांगितलं, दोन्ही वेळा तेच आलं. मी म्हटलं, एवढी ऐंशी पोरं चुकतील का गं? तिने पुन्हा दारावरचाच आकडा लिहिला. तेव्हा नळीचाच काहीतरी संबंध असणार, एवढं मला कळलं होतं. पण फाइल ऑफिसात होती.

दुसऱ्यांदा बघून सरांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. ते म्हणाले, "हे आकडे घेतलेले नाहीत, रचलेले आहेत. आणि रचताही येत नाही तुला." मागून कोणीतरी हसलं. ज्यांची मागच्या वर्षीची उतरवलेली होती ती जर्नलं शेजारच्या टेबलावर सही होऊन पडली होती. परीक्षेला तीन दिवस राहिले होते, प्रयोगशाळा मांडणीसाठी बंद होणार होती. जर्नलच्या पहिल्या पानावर सर्टिफिकेटची सही नाही, म्हणजे प्रॅक्टिकलला बसता येणार नाही. ते जर्नल तिने माझ्या बेसिनशेजारी ठेवलं आणि गेली. मी हात पुसून दारापर्यंत गेले. हाक मारली नाही.

मे महिन्यात मी कायम झाले. पेढे वाटले.

सुट्टीत प्रयोगशाळेत काम नसतं. एका मुलाने टाकून दिलेलं पुस्तक होतं, शब्दकोश शेजारी घेऊन मी त्यातलं पोलरीमीटरचं पान लावायला घेतलं. एक ओळ लावायला दुपार जायची. उजेड किती वळतो हे द्रावणाच्या तीव्रतेवर आणि नळीच्या लांबीवर असतं, असं त्यात लिहिलेलं होतं. आखूड नळी मी पट्टीने मोजली, दहा सेंटिमीटर. लांबी निम्मी, तर वळण निम्मं. तेराचं साडेसहा. उणे चार पॉइंट एकचं, उणे दोन पॉइंट एक नाही तर काय?

मी तिचं जर्नल काढलं. लॉगची पुस्तिका घेतली. तिच्याच रीडिंगमधून तिचंच इन्फिनिटी वजा केलं. मला तीन दिवस लागले, दोनदा चुकले. दहा मिनिटांना पॉइंट शून्य वीस. अर्ध्या तासाला वीस. तासाला वीस. दीड तासाला वीस. आलेखाचा कागद आणून ठिपके मांडले आणि पट्टी टेकवली. एकही ठिपका पट्टीच्या इकडे नाही की तिकडे नाही. इतकी चांगली रेघ मी त्या प्रयोगशाळेत कोणाच्याच जर्नलात बघितली नव्हती, नंतरही नाही.

जून उजाडल्यावर मी तो कागद घेऊन सरांकडे गेले आणि नळीचं सांगितलं. त्यांनी कागद बराच वेळ बघितला. चष्मा काढला. म्हणाले, "आता काय उपयोग, बाई? निकाल लागलेत." मग म्हणाले, फुटलेल्या नळीची नोंद रजिस्टरात करून टाका. बस्स. मला कोणी काही शिक्षा केली नाही. कारखान्याची जागा भरली होती. तिचं लग्न त्याच महिन्यात झालं, हे मला तिच्या गावच्या एका मुलाने सांगितलं.

दारावरचा आकडा मी ओल्या फडक्याने पुसला. दिवाळीपर्यंत कोणीतरी पुन्हा लिहिला. तोच.

चार-पाच वर्षांनी ती मला एसटी स्टँडवर भेटली. कडेवर पोर, डोळ्याला चष्मा. तिनेच ओळखलं. मावशी म्हणून वाकून नमस्कार केला, मी मागे सरले. हिचा नमस्कार मला कसा चालेल? तिथेच, बाकड्यावर बसून, सगळं सांगितलं. नळी, फाइल, उणे दोन पॉइंट एक. पोर तिचा चष्मा ओढत होतं, ती त्याचा हात बाजूला करत राहिली.

मग म्हणाली, "मला वाटलं, माझी नजरच खराब आहे. दोन अर्धे कधी सारखे होतात ते मला दिसतच नाही. लग्नानंतर डोळे तपासायला गेले, डॉक्टर म्हणाले नंबर नसल्यातच जमा आहे. मी म्हटलं, चष्मा द्या तरी."

मी म्हटलं, तुझी रेघ एकदम सरळ आली गं. कागद आहे माझ्याकडे घरी.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली.

इगतपुरीची गाडी लागली होती. तिने पिशवी उचलली, पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. चढताना मागे वळून बघितलं नाही, आणि तो कागद पाठवा असंही म्हणाली नाही.