ताक चालतं, मग हिला का नाही

दूध प्यायलं की माझं पोट गच्च फुगतं, मुरडा येतो आणि मग पळापळ. पुण्याजवळ भुकूमला भाड्याने राहायला आलो, तेव्हा घरमालकीण काकूंनी घरच्या म्हशीच्या दुधाचा पेला पुढे केला. मी हात जोडले. ताक मात्र मागून घेतलं. दुधातली साखर माझ्या आतड्यांना पचत नाही. विरजण लागलं की ती बरीचशी आंबून जाते, म्हणून दही-ताक सोसतं. तुपाचाही त्रास नाही. काकूंना हे चटकन पटलं.

माझ्या तीन वर्षांच्या लेकीचं तसं नव्हतं. तिला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे आणि ती दह्यात, ताकात, पनीरमध्ये, सगळीकडे असतात. तुपातसुद्धा अंश राहतो. आम्ही नवराबायको ऑफिसला गेलो की ती काकूंकडेच असायची, त्यामुळे हे मी त्यांना सांगून सांगून थकले होते. त्या मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, लेकीनं आईचं पोट घेतलंय. मला चीड यायची. पण रोज त्यांच्याच ओट्यावर बसून मी ताक पीत होते, आणि माझ्या शंभर शब्दांपेक्षा त्यांना तेच खरं वाटत होतं.

एका रविवारी दुपारी लेक खाली काकूंकडे खेळायला गेली होती, आणि काकूंनी खालून हाका मारल्या. लेकीचे ओठ सुजले होते, अंगभर गांध्या उठल्या होत्या. उलटी झाली आणि छातीत घरघर सुरू झाली. गाडी काढली, तर पौड रस्त्यावर सुट्टीची गर्दी. नवरा नुसता हॉर्न वाजवत राहिला. लेक माझ्या मांडीवर, काकू शेजारी.

"ताकच दिलं वो वाटीभर. दूध न्हाई दिलं," त्या म्हणाल्या. "तुमाला चालतंय म्हनून दिलं."

मला लेकीचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं, तेव्हा घरघर कमी झाली. रात्रभर ठेवून घेतलं. मोठेपणी ही ॲलर्जी जाईल का, असं मी विचारलं. बऱ्याच मुलांची जाते, हिचं आज सांगता येत नाही, आणि घरी देऊन बघू नका, असं डॉक्टर म्हणाले. घर बदलू या, असं नवऱ्याचं मत. पण दूध नसलेलं घर कुठे मिळणार?

आता काकू धार काढून झाल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुतात, लुगडं बदलतात. तरी लेक दोन्ही हात वर करून त्यांच्याकडे धावली की जागच्या जागी थबकतात, हात पाठीमागे घेतात आणि माझ्याकडे बघतात.

"घिऊ का?" त्या विचारतात.

घ्या म्हणायची भीती वाटते आणि नको म्हणवत नाही. लेक हात वर करून तशीच उभी असते.