दीपमालाच्या नंबरवरचे सहा हजार

कौशल्याबाई अमडापूरच्या बाजारात भाजी विकतात. त्यांच्या शेजारीच माझं शिलाई मशीन. गिऱ्हाइकाचे पैसे मोबाइलवर घ्यायला त्या साठीत शिकल्या, आणि शिकवलं मी, म्हणून मिरवायचेही मीच.

त्यांची लेक दीपमाला पिंपळगाव राजा या गावी दिलेली. नवरा कुलदीप मारकुटा. ती दोनदा माहेरी आली, दोन्ही वेळा भावकीने समजूत घालून परत पाठवली. भावकीचं काय जातं? मार खायचा तिने. या वेळी तिने गुपचूप जालन्यात खानावळीत काम बघितलं होतं. खोलीच्या डिपॉझिटला सहा हजार हवे होते.

"माय, माह्या नंबरवरच टाक," तिने व्हॉट्सअॅपवर लिहिलं.

कौशल्याबाईंनी तिच्याच चॅटमध्ये रुपयाचं चिन्ह दाबलं, रक्कम घातली. पिन टाकायच्या आधी पडद्यावर बँकेतलं नाव आलं, कुलदीपचं.

"रुख्मिणी, याचं नाव काऊन येऊन राह्यलं व?"

"काकू, बाईच्या कोणत्या कागदावर नवऱ्याचं नाव नसते? टाका पिन."

मी मान वर करूनही बघितलं नाही. हातात ब्लाउजची बाही होती.

पैसे गेले. चॅटमध्ये रक्कम दिसली, दीपमालाचं "आले माय" आलं. कौशल्याबाईंनी मला चहा पाजला.

तासाभराने तिचा फोन आला. दुकानदाराला ऑनलाइन देऊन रोख घ्यायला गेली, तर मोबाइल पिन मागत होता. पैसे यायला पिन लागत नाही, काढायला लागतो. तो मोबाइल आणि सिम कुलदीपचं जुनं. त्याने नवा घेतला आणि जुना तिला दिला. पण त्या नंबराला खातं त्याचंच जोडलेलं, पिन त्यालाच ठाऊक, एटीएम कार्ड त्याच्याच खिशात.

आम्ही दोघी बँकेत धावलो. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "चॅट कोणाचीही असो, पैसे नंबराला जोडलेल्या खात्यात जातात. तुम्हीच नाव बघून पिन टाकला. आता खातेदार हो म्हणेल तरच परत येतील."

कौशल्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मोबाइल पिशवीत टाकून बाहेर पडल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी कुलदीपने पासबुक भरून आणलं. त्यात सासूचं नाव आणि सहा हजार. संध्याकाळी दीपमालाच्या चॅटमध्ये मेसेज आला. तो तिने लिहिलेला नव्हता.

"पैसे भेटले. जालन्याचं तिनं सांगितलं. आता ती कुठीच जात नाही."

आम्ही लगेच फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशी पिंपळगाव राजाला गेलो, तर दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, रात्री तिला गाडीत घालून नेलं, कुठे ते माहीत नाही, पण ती चालत नव्हती.

पोलिसांनी तक्रार घेतली. नंबर विचारला. कौशल्याबाईंनी पाठ सांगितला, आणि मग म्हणाल्या, "पण तो तिचा नाही हो, साहेब."