ऐंशी किलोचा माझा हट्ट

सून कौतुक करून घेत नाही आणि मला केल्यावाचून राहवत नाही, म्हणून लिहून टाकते. आमच्या जळकोटच्या जिममध्ये बायकांची सकाळची बॅच मी घेते. सासूच कोच म्हटल्यावर लोक हसायचे. हसू देत! माझ्या सुनेइतकं वजन गावातल्या कोणत्या पोराने जमिनीवरून उचललंय, ते आधी सांगा म्हणावं.

लातूरला वजन उचलण्याच्या स्पर्धेसाठी विभागाच्या संघाची निवड होती. संघात यायचं तर तिच्या वजनगटात शंभर किलोची डेडलिफ्ट लागणार होती. बार जमिनीवरून उचलायचा, ताठ उभं राहायचं, मग हातातून न सोडता खाली ठेवायचा. आमच्याकडे मात्र बार आणि सगळ्या प्लेटा मिळून ऐंशीच किलो भरायचे.

सुरुवातीला ही बया ऐंशी किलो झटक्याने उचलायची. मी ओरडले, "अगं, हळू! पाच मोजत वर, पाच मोजत खाली." पहिल्या दिवशी तिचे पाय लटपटले. दीड महिन्यात पाठ अशी कणखर झाली की मीच बघत राहिले. आणि माझ्या डोक्यात हवा गेली. ऐंशी हळू उचलले म्हणजे शंभर उचलल्यासारखेच, असं मी सगळ्या बॅचला ठणकावून सांगू लागले.

"आत्याबाई, वजन वाढवू की," ती दोनदा म्हणाली.

"पाचाचे सात मोज," मी म्हणाले. संपला विषय!

निवडीला तीन महिने उरले तेव्हा तिला चाचणीसाठी नांदेडच्या एका जुन्या जिममध्ये नेलं. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादांनी बारला शंभर लावले. तिने ओढलं. बार वाकला, पण जमीन सोडेना. पुन्हा ओढलं. न्हाईच! ती माझ्याकडे बघेना, मला तिच्याकडे बघवेना.

उस्तादांनी मला बाजूला घेतलं. "बाई, विहिरीतून बादली शेंदलीय का कधी?"

"हाव. जन्म गेला त्यात."

"झटका दिला की दोर एकदम ताणतो, मग बादली स्वतःच्याच वेगाने वर येते आणि दोर ढिला पडतो. हळू ओढली तर तळापासून काठापर्यंत ताणलेलाच राहतो. स्नायूचं तसंच हाय. ताण पडला की तो घडतो. हळू केल्यानं तुमच्या पोरीला प्रत्येक इंचावर ताण मिळाला, खाली ठेवतानाबी मिळाला. ते काम लई चांगलं केलं तुम्ही."

"मग शंभर का उचलंना?"

"बादली कितीबी हळू ओढा, दोरावर ताण बादलीएवढाच. जास्त वेळ राहतो, वाढत न्हाई. आन् शरीर लई कंजूष. ऐंशीला लागतील तेवढेच स्नायूचे तंतू कामाला लावतं. सगळ्यात दांडगे राखून ठेवतं, थकवा आला तरच थोडे बाहेर काढतं. ते एकदम कामाला लागायचे तर वजनच जड पाहिजे."

परतीच्या जीपमध्ये माझी चूक मला उमगली. इतके दिवस मी तिला वेळ वाढवून देत होते, आणि तिला हवं होतं वजन. दुसऱ्या दिवशी सगळ्या बॅचसमोर म्हणाले, "माझं चुकलं. ही बरोबर बोलत होती."

ओळखीच्या कॉलेजातून प्लेटा मागून आणल्या. आठवड्याला अडीच किलो, कधी तेवढेही नाही. फेऱ्या कमी, मध्ये आराम भरपूर. हळू उचलणं सोडलं नाही, पण ते हलक्या दिवसांसाठी ठेवलं. जड दिवशी पूर्ण जोर. निवडीच्या आधी साडेसत्त्याण्णव आले. शंभर मात्र तिने एकदाही उचलले नव्हते.

लातूरला नव्वद आले, पंच्याण्णव आले. तिसऱ्या आणि शेवटच्या खेपेला शंभर. तिने जीव खाऊन ओढलं. बार जमिनीवरून सुटला आणि गुडघ्यापाशी जवळजवळ थांबलाच. माझ्या तोंडात आकडे आले, एक, दोन, तीन, सवयीने. मग कळलं, आज ही मुद्दाम हळू करत नाहीये. ही सगळा जोर लावतेय आणि वजनच तिला हळू करतंय. मी मोजायचं थांबवलं आणि गळा फाटेस्तोवर ओरडले, "ओढ माय, ओढ!"

ती ताठ उभी राहिली. पंचांनी हात खाली केल्यावर तिने बार असा सावकाश ठेवला की आवाज झाला नाही. तिन्ही पंचांचे दिवे पांढरे लागले, म्हणजे वजन मान्य.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "पोरगी तुमची का?"

"सून हाय," मी म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या, आणि त्यांनाही मी पुन्हा सांगितलं.