एकतिसातले सतरा

माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मला तिच्या पगारपत्रकाचा फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "हे प्रो राटा म्हणजे काय असते वं? तुले समजते, मले सांग."

ती जंगलाच्या कडेला असलेल्या एका रिसॉर्टमध्ये सहा वर्षं खोल्यांच्या साफसफाईची सुपरवायझर होती. चादरी, टॉवेल आणि हाताखालच्या आठ बायका तिच्याकडे. डिसेंबरात कुरखेड्याच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून तिची कंत्राटी नेमणूक झाली आणि अठरा तारखेला हजर व्हा असं पत्र आलं. म्हणून सतरा तारखेला तिने रिसॉर्ट सोडलं. सीझन ऐन भरात होता, मॅनेजर नाराज झाला, पण रीतसर नोटीस दिलेली असल्याने अडवता आलं नाही.

मला समजतं असं तिला वाटण्याचं कारण माझी नोकरी. मी नागभीडजवळच्या एका राईस मिलमध्ये हजेरी आणि पगाराचं काम बघते. मिलच्या पगारपत्रकावरही हा शब्द येतो. दहा वर्षं मी तो छापत आले आहे. कोणी मध्येच सोडून गेला की संगणक आपोआप तो शब्द टाकतो, मी कागद काढते, शिक्का मारते. पण त्याचा अर्थ दुसऱ्याला सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. फोन हातात घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं, मलाही तो नेमका सांगता येत नाही.

पहिलं उत्तर मी असं लिहिलं: "प्रमाणात. जितके दिवस नोकरी, तितका पगार. आपण सातवीत त्रैराशिक केलं होतं, तेच. एकतीस दिवसांचे अठरा हजार सहाशे, तर सतरा दिवसांचे किती?"

त्रैराशिकात ती माझ्यापेक्षा हुशार होती. दोन मिनिटांत तिचा आकडा आला. "दहा हजार दोनशे."

बरोबर होतं. अठरा हजार सहाशेला एकतिसाने भागलं की दिवसाचे सहाशे होतात, आणि सतरा गुणिले सहाशे म्हणजे दहा हजार दोनशे. मी अंगठ्याचं चिन्ह पाठवून मोकळी होणार, तेवढ्यात तिचा पुढचा निरोप आला.

"मंग इथी आठ हजार चारशे काऊन लिहून राह्यले?"

मी फोटो मोठा करून पाहिला. "देय दिवस १४. महिन्याचे दिवस ३१. प्रो राटा वेतन ८,४००." मग कापलेल्या रकमा: भविष्यनिर्वाह निधी सहाशे पाच, कर्मचारी विमा त्रेसष्ट, मेस सहाशे वीस. हातात सात हजार एकशे बारा.

चौदा कुठून आले, हे मला पटकन कळेना. तिने रजा घेतली असेल, असं आधी वाटलं. फोन केला.

"एकही नाई घेतली," ती म्हणाली. मागे मुलींचा गलका ऐकू येत होता. "डिसेंबरात कोण रजा देते? रोज सकाळी पाच वाजता उभी राहो मी."

"रोज?"

"मंगळवार सोडून. मंगळवारी जंगल बंद, मंग आमची सुटी."

मी कॅलेंडर काढलं. त्या महिन्यात दोन, नऊ आणि सोळा तारखेला मंगळवार होता. सतरातून तीन गेले की चौदा. तिच्या साप्ताहिक सुट्या मोजल्याच नव्हत्या.

आता मला खरंच उत्सुकता वाटायला लागली. मिलमध्ये त्या वेळी धानाच्या गाड्यांची रांग लागलेली होती, बाहेर आवाज चालू होता, आणि मी हमालांची हजेरी बाजूला ठेवून एका कागदाच्या कोऱ्या बाजूवर तिचे आकडे मांडत बसले. सुट्या धरायच्या नाहीत हीसुद्धा एक पद्धत आहे. मी ती पाहिलेली आहे, पण तिथे भागायचा आकडाही बदलतो. त्या महिन्यात मंगळवार पाच होते, म्हणजे कामाचे दिवस सव्वीस. मग अठरा हजार सहाशे भागिले सव्वीस, गुणिले चौदा. उत्तर आलं दहा हजार पंधरा. आधीच्या पद्धतीपेक्षा एकशे पंच्याऐंशी कमी, पण जवळपास तेच. दोन्ही हिशेब आपापल्या जागी खरे. रिसॉर्टने मात्र वरचे चौदा एका पद्धतीतून घेतले होते आणि खालचे एकतीस दुसरीतून.

हे तिला कसं सांगावं, यावर मी दुपारभर विचार केला. नुसतं "त्यांनी चुकवलं" म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता, पण तिला स्वतः बोलायचं होतं, माझ्या नावावर नाही. मग मला एक साधी गोष्ट सुचली. त्यांच्या रीतीने महिनाभर काम करणाऱ्या बाईचा पगार काढून पाहायचा. एकही रजा नाही, सव्वीसच्या सव्वीस दिवस हजर. सव्वीस भागिले एकतीस. पंधरा हजार सहाशे.

मी तिला लिहिलं: "या हिशेबाने पूर्ण महिना राबणाऱ्या बाईलाही तीन हजार कमी मिळतील. पूर्ण महिन्याला पूर्ण पगार निघत नसेल, तर तो हिशेब प्रमाणाचा नाही. वरचा आणि खालचा आकडा एकाच मापाने घ्यावा लागतो. सुट्या धरायच्या तर दोन्हीकडे धर, काढायच्या तर दोन्हीकडून काढ. रिसॉर्टची कोणती रीत आहे ते तिथल्या नेमणूकपत्रात पाहा."

संध्याकाळी तिचा फोन आला. नेमणूकपत्र तिच्या पेटीत होतं, आणि वसतिगृहाच्या खोलीत आल्यापासून बंदच असलेली ती पेटी तिने आता उघडली होती.

"पगार महिन्याच्या एकूण दिवसांवर, असं लिहून आहे," ती म्हणाली. "म्हंजे एकतिसातले सतरा."

"हो."

"आता मी एक विचारू का? ते मेसचे सहाशे वीस. मी तिथी सतराच दिवस जेवली. पगार प्रमाणात, मंग जेवण पूर्ण काऊन?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी तिला शब्दाचा अर्थ सांगितला होता आणि तिने तो उचलून कागदाच्या दुसऱ्या रकान्यावर ठेवून पाहिला होता. सहाशे वीस भागिले एकतीस, वीस रुपये रोज. सतरा दिवसांचे तीनशे चाळीस. मी म्हटलं, "हे मला माहीत नाही. काही गोष्टी महिन्याच्याच असतात, त्या तुटत नाहीत. विचारून पाहा."

"आन व्यवसायकर शून्य आहे, थो?"

"ते ठीक आहे. बाईला पंचवीस हजारांपर्यंत तो लागत नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "एक तरी जागा सुटली."

दुसऱ्या दिवशी तिने रिसॉर्टच्या हिशेब पाहणाऱ्या मुलीला फोन केला. ही मुलगी चंद्रपूरहून येते, नवीनच लागलेली, आणि मैत्रीण तिला ओळखत होती. मला भीती होती की वाद होईल. मैत्रिणीने नंतर सगळं सांगितलं, तेव्हा वाद काही झालाच नव्हता.

"ताई, मशीनमध्ये चौदाच दिवस दिसते," ती मुलगी आधी म्हणाली होती.

"मशीन बरोबर आहे. मी चौदा दिवसच अंगठा लावला. पण तू एक काम कर. तुझाच पगार सव्वीस भागिले एकतीस करून पाय."

पलीकडून कीबोर्डचा आवाज. मग ती मुलगी हळूच म्हणाली, "हे तर चुकते."

कारण नंतर कळलं. अंगठ्याच्या मशीनमध्ये साप्ताहिक सुटीची खूण आपोआप पडत नव्हती. महिना संपला की ती मुलगी बसून सगळ्यांचे मंगळवार एकदम भरायची. जो महिनाअखेरीस यादीत असेल त्याचे भरले जायचे. जो मध्येच गेला त्याचं नाव तोवर यादीतून निघालेलं, त्याचे मंगळवार तसेच रिकामे राहायचे. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. पूर्ण महिना काम करणाऱ्याला पूर्ण पगार मिळत होता, म्हणून कोणाला शंकाही आली नव्हती. त्या मुलीने मागचे कागद काढले तेव्हा नोव्हेंबरात सोडून गेलेल्या एका माळ्याचेही दोन मंगळवार राहिलेले निघाले. त्यालाही तिने फोन केला.

चार दिवसांनी मैत्रिणीच्या खात्यात फरकाची रक्कम आली. मला वाटलं ती खूश असेल. तिचा आवाज खूश नव्हता, संशयी होता.

"तीन दिवसांचे अठराशे व्हाले पायजे होते. आले सोळाशे सत्तावन्न. बाकीचे कुठी गेले?"

मी नवीन पत्रक मागवलं. निधीत सहाशे पाचचे सातशे चौतीस झाले होते आणि विम्यात त्रेसष्टचे सत्त्याहत्तर. पगार वाढला की त्यावर कापलं जाणारंही त्याच प्रमाणात वाढतं. एकशे एकोणतीस आणि चौदा, मिळून एकशे त्रेचाळीस. मी तिला सांगितलं की निधीचे पैसे तिचेच आहेत, तिच्याच खात्यात जमा आहेत.

"म्हंजे हेही प्रो राटाच," ती म्हणाली. "मेस मात्र पूर्ण कापली. डबेवाला माणशी महिन्याचे घेते म्हणे. पोटाले प्रो राटा नाई."

आम्ही दोघी हसलो. तिने ते सहाशे वीस सोडून दिले.

फेब्रुवारीत वसतिगृहाचं पहिलं मानधन आलं, डिसेंबर आणि जानेवारीचं एकत्र. डिसेंबरच्या ओळीत दिवस लिहिले होते चौदा. ते पाहून ती तापली, तसाच फोटो काढला आणि मला पाठवायच्या आधी बोटांवर मोजायला बसली. अठरापासून एकतीसपर्यंत, रविवार धरून. चौदाच भरले. मग तिने फोटो पाठवला तो नुसता दाखवायला. "हे चौदा बरोबर आहे. मीच तपासलं."

मार्चच्या सुरुवातीला आमच्या मिलमधला एक ड्रायव्हर नऊ तारखेला काम सोडून सिंदेवाहीला गेला. त्याचं पत्रक काढताना मी इंग्रजी शब्दाखाली मराठीत एक ओळ टाईप केली: महिन्याचे दिवस ३१, नोकरीचे दिवस ९, सुट्या धरून. मालकांनी सही करताना चष्मा वर करून ती वाचली.

"हे काऊन लिहिलं?"

"विचारतील म्हणून."

"आजवर कोणी विचारलं?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी ओळ पुन्हा एकदा वाचली, नऊ भागिले एकतीस मनात करत असावेत असं ओठांवरून दिसलं, आणि सही केली.